नव्याला रोखणारी धमकी: हा समतोल खोडायचा की ठेवायचा?

तिफण

एम.ए.च्या गेम थिअरीच्या वर्गात परवा हा तक्ता सोडवला. गावात एक जुनं दुकान आहे, दुसरा कुणी यायच्या विचारात आहे. तो आला तर जुन्याने भाव पाडून लढायचं, की त्याला सामावून घ्यायचं? प्रत्येक जोडीत पहिला आकडा नव्याचा, दुसरा जुन्याचा. वर्षाचे लाख धरा.

| | जुना लढतो | जुना सामावून घेतो |
|---|---|---|
| नवा येतो | −2, 1 | 4, 5 |
| नवा येत नाही | 0, 10 | 0, 10 |

नॅश समतोल दोन निघतात: "येतो – सामावून घेतो" आणि "येत नाही – लढतो". सरांनी दुसरा खोडला, म्हणाले सबगेम परफेक्ट नाही, म्हणजे खेळ मधल्या एखाद्या टप्प्यापासून सुरू झाला असं धरलं तर तिथे तो टिकत नाही. मला पटलेलं नाही. एकट्याने चाल बदलून दोघांपैकी कुणाचाही फायदा होत नाही, म्हणजे नॅशची अट पुरी झाली. आणि धमकीला घाबरून माघार घेणारी माणसं तर आपण रोज बघतो. मग का खोडायचा?

रानवाट

खोडायलाच हवा. जुन्याला चाल बदलून फायदा का होत नाही, ते बघ. नवा घरीच बसला असेल तर "लढेन" म्हणायला जुन्याला एक रुपयाही पडत नाही. लढतो म्हटलं तरी 10, सामावून घेतो म्हटलं तरी 10. तो नॅशच्या कसोटीला उतरतो, कारण त्याच्या शब्दाची वेळच कधी येत नाही.

आता समज, नवा ऐकलाच नाही आणि एका सकाळी त्याने शटर वर केलं. जुन्यासमोर आता 10 उरलेलेच नाहीत. लढला तर 1, सामावून घेतलं तर 5. रात्री कितीही गरजला असला तरी सकाळी तो 5 घेणार, आणि नव्याला हे आदल्या रात्रीच कळतं. म्हणून तो येतो. तक्त्यात "आधी कोण, नंतर कोण" दिसत नाही. कोणाच्या चालीनंतर कोणाची चाल हे फांद्यांनी दाखवणारं झाड काढलं की दिसतं.

आणखी एक. दोनच समतोल निघतात असं नाही. जुना लढण्याची शक्यता p धरली तर येण्यातून नव्याच्या पदरात 4 − 6p पडतात. p दोन तृतीयांश किंवा जास्त असेल तर नव्याने घरी बसणं योग्यच, आणि नवा घरी असताना जुन्याला p कितीही चालतो. म्हणजे "येत नाही"चे असे असंख्य समतोल आहेत. त्या सगळ्यांमागे तीच पोकळ धमकी आहे, आणि ते सगळे एकदमच गळतात.

बंदरावरून

झाड हवंच कशाला? तक्त्यातला "लढतो" हा स्तंभ बघा. एका ओळीत तो सामावून घेण्याच्या बरोबरीचा आहे, दुसऱ्या ओळीत कमी. कुठेच सरस नाही. असा स्तंभ सरळ खोडा, उरेल तो सरांचाच समतोल. सबगेम परफेक्ट म्हणजे एवढंच. नाव तेवढं भारदस्त.

रानवाट

या तक्त्यापुरतं तुमचं बरोबर आहे, उत्तरही तेच येतं. पण दोन गोष्टी एक नाहीत. दोन दुकानदार एकाच वेळी भाव ठरवतात, माल तोच, दोघांचा खर्च 40 रुपये, आणि भाव हवा तितका बारीक हलवता येतो असं समजा. समतोल एकच: दोघांचाही भाव 40. आता 40 ही चाल तुमच्या नियमाने तपासा. तिच्यातून नफा कायम शून्य. 41 ठेवला तर कधी शून्य, आणि समोरच्याने त्याहून जास्त ठेवला असेल तर कमाई. म्हणजे 40 कुठेच सरस नाही, तुम्ही ती खोडणार, आणि खेळातला एकमेव समतोल हातातून जाणार. सबगेमच्या कसोटीत मात्र तो टिकतो.

उलट बाजूही सांगतो, कारण तिथे तुमची पद्धत जास्त कामाची आहे. नवा छोटं दुकान टाकेल किंवा मोठं, आणि जुन्याला निर्णय घेताना कोणतं ते कळलेलं नाही, असं धरा. मग ज्याच्या पुढे वेगळा खेळ सुरू होतो असा एकटा टप्पाच झाडात सापडत नाही. दोन्ही बाबतीत लढणं तोट्याचं असलं तरी सबगेमची चाळणी ती धमकी अडवू शकत नाही. जर्मन अर्थतज्ज्ञ राइनहार्ट झेल्टन यांनी 1965 मध्ये सबगेमच्या कसोटीची ही कल्पना मांडली आणि 1975 मध्ये तेच अधिक बारीक चाळणी घेऊन आले, ते अशाच अडचणींमुळे.

माजघर

तुमचे आकडे असू देत, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. माझ्या मामांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. समोर एक मोठं साखळी दुकान येणार अशी कुणकुण लागली तेव्हा मामांनी चारचौघांत सांगितलं, "आले तर तेल-साखर खरेदीच्या भावात विकेन." ते आले. मामांनी पाच महिने तसंच विकलं. तुमच्या हिशोबाने त्यांनी गप्प बसायला हवं होतं. मग धमकी पोकळ कशी?

रानवाट

ताई, मामांची धमकी पोकळ नव्हतीच. तक्त्यातला जुना मागे हटतो, कारण त्याच्यासमोर 1 आणि 5 असे आकडे आहेत. मामांचे आकडे वेगळे असणार. त्यांनी आधी काही खर्च करून ठेवला होता का? जागा, माल, काहीही?

माजघर

हो. मागच्या गल्लीत मोठं गोदाम घेतलं होतं, तीन वर्षांचं भाडं आगाऊ भरून. दुकान यायच्या चार महिने आधी.

रानवाट

मग मुद्दा तिथेच आहे. तिफण, तुझ्याच तक्त्यात गोदामाचा खर्च c घाल. लढायचं तर गोदाम लागणारच, तो खर्च त्या 1 मध्ये धरलेला आहे, म्हणून 1 तसाच राहतो. सामावून घेतलं तर गोदाम रिकामं पडतं: 5 − c. नवा आलाच नाही तरी रिकामं: 10 − c.

c 3 असेल तर सामावून घेऊन 2 मिळतात, लढून 1. धमकी अजून पोकळच. c 4.5 केला तर सामावून घेऊन अर्धा, लढून 1. आता जुना खरंच लढेल, नवा ते ओळखून येणार नाही, आणि जुन्याला 5.5 मिळतील; गोदाम न घेता 5 च मिळाले असते. c 6 असेल तर नवा येत नाही हे खरं, पण जुन्याच्या हाती 4 उरतात, त्यापेक्षा गोदाम न घेतलेलं बरं. म्हणजे 4 आणि 5 च्या मधली अरुंद फट. मुंबईत जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ अविनाश दीक्षितांनी 1980 मध्ये उत्पादनक्षमतेबद्दल हेच दाखवलं. भाडं परत मिळणार असतं तर मात्र सगळं पुन्हा पोकळ झालं असतं.

बंदरावरून

मग ते दुकान आलं कसं? तुमच्या हिशोबाने यायलाच नको होतं.

माजघर

गोदाम मागच्या गल्लीत होतं, पाटी नव्हती. त्यांना कळलं होतं का, मला ठाऊक नाही.

रानवाट

न दिसलेल्या गोदामाला नवा घाबरणार नाही. पण तेवढंच कारण असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. साखळीवाल्यांचं गणित एका गावापुरतं नसतं. झेल्टन यांनी 1978 मध्ये एकच साखळी दुकान आणि वीस गावं घेतली, पण तिथे साखळी ही जुनी बाजू. शेवटच्या गावात ती लढणार नाही, म्हणून एकोणिसाव्यातही नाही, असं मागे मागे येत पहिल्या गावापर्यंत तिने सामावूनच घ्यायला हवं. तर्कात चूक नाही, तरी प्रत्यक्षात लढून दरारा बसवणंच त्यांना स्वतःला जास्त पटत होतं, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे.

तिफण

पोकळ धमकी खोडायची, हे आता पटलं. पण वीस गावांचं ऐकून पुन्हा अडकलो. तिथे तर सबगेम परफेक्ट उत्तरच माणसांच्या वागण्याशी जुळत नाही. मग चाळणीतून खाली राहतं ते जास्त खरं, असं कशावरून म्हणायचं?

रानवाट

1982 मध्ये यावर एक वाट निघाली: जुना खरोखर लढण्याची खुमखुमी असलेला असेल, अशी अगदी थोडी शंका नव्याच्या मनात असली तरी पहिल्या बऱ्याच गावांत लढणं फायद्याचं ठरतं. मला ती पटते. पण ती शंका किती धरायची, हे खेळ लिहिणाराच ठरवतो, आणि तिथे तुझा प्रश्न उभाच आहे.