अनुभव धागा: आकृतीखालच्या ओळी आणि तक्त्याखालच्या टिपा पुन्हा लिहिताना

शिवारवाट
गेल्या मंगळवारी खानापुरात खताच्या दुकानात उभा होतो. दुकानदारानं मोबाईल पुढं केला. "सर, हा तुमचाच तक्ता ना? टी४ म्हणजे कुठलं खत?" बघतो तर माझ्या जुन्या लेखातली आकृती २, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकलेली. लेख नाही, पान नाही, नुसते पाच स्तंभ आणि खाली एक ओळ: "आकृती २. विविध उपचारांचा भाताच्या उत्पादनावरील परिणाम." दुकानदार आठवडाभर लोकांना सांगत होता की टी४ टी३ पेक्षा सरस आहे. मला तिथंच घाम फुटला, कारण आमच्या आकडेमोडीत ते सिद्ध होत नव्हतं.

टी३ म्हणजे शिफारशीचं सगळं नत्र युरियातून, टी४ म्हणजे पाऊण युरियातून आणि पाव शेणखतातून. टी३ चं उत्पादन हेक्टरी ४.६ टन, टी४ चं ५.० टन. स्तंभांवरच्या उभ्या रेषा वरखाली ०.१५ च्या. टी३ ची रेषा ४.७५ ला संपते, टी४ ची ४.८५ ला सुरू होते. रेषा एकमेकींना शिवत नाहीत, म्हणून बघणारा म्हणतो, फरक खरा आहे. पण त्या रेषा स्टँडर्ड एररच्या होत्या आणि ५ टक्के पातळीवरचा सीडी, म्हणजे फरक सिद्ध धरायला लागणारं किमान अंतर, ०.४६ होता. फरक ०.४. म्हणजे दोन्ही सारखेच धरायचे. सीडी लेखात होता, सहाव्या पानावर. आकृतीखाली नव्हता.

त्या रात्री बसून ती ओळ पुन्हा लिहिली. मूळ इंग्रजीत आहे, इथं मराठीत देतो:

"आकृती २. खानापूर तालुक्यातील एका शेतावर खरीप २०१५ मध्ये नत्राचे पाच पर्याय दिल्यावर रोपलावणीच्या इंद्रायणी भाताचे धान्य उत्पादन, टन प्रति हेक्टर, १४ टक्के ओलाव्याला. टी१ नत्र नाही. टी२ शिफारशीच्या निम्मे, युरियातून. टी३ पूर्ण, युरियातून. टी४ पूर्ण, पाऊण युरियातून व पाव शेणखतातून. टी५ पूर्ण, निम्मे-निम्मे. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र धरली आहे. स्तंभ चार रेप्लिकेशनची सरासरी. उभ्या रेषा सरासरीचा स्टँडर्ड एरर, ±०.१५. स्तंभावरील अक्षर समान असल्यास फरक ५ टक्के पातळीवर सिद्ध होत नाही; सीडी ०.४६."

तुमच्याकडं असं काही घडलंय का? लिहा.

चिकोडीचा_पोऱ्या
सर मी पीएचडी करायलोय, माझ्या गाईडनं हेच सांगितलं की एरर बार एसडीचा द्यायचा, एसई लोकांना फसवतो. तुमचा एसई ०.१५, रेप्लिकेशन चार, म्हणजे दोननं गुणलं की एसडी ०.३०. तो बार टाकला असता तर टी३ ४.९ पर्यंत गेला असता, टी४ ४.७ ला सुरू झाला असता. रेषा एकमेकींवर आल्या असत्या, दुकानदार फसला नसता.

हलगा_नाका
पोरा, अर्धं बरोबर आहे तुझं. पण तो ०.१५ प्रत्येक स्तंभाचा स्वतःचा नाही. पाचही ट्रीटमेंटना एकच आकडा आहे, म्हणजे तो अ‍ॅनोव्हामधल्या एरर मीन स्क्वेअरवरून आला. ०.०९ भागिले ४, त्याचं वर्गमूळ ०.१५. ब्लॉकब्लॉकमधला फरक त्यातून आधीच बाजूला काढलेला असतो. टी४ च्या चार प्लॉटचा सरळ एसडी काढलास तर त्यात ब्लॉकचा फरक मिसळलेला असेल, ०.३० येईलच असं नाही. म्हणून "एसई" एवढं लिहून भागत नाही, तो एकत्रित एररवरून काढलाय हे शब्द हवेत. शिवारवाट, तुमच्या नव्या ओळीतही ते राहिलेत.

आणि सीडी कसा आला ते कुणालाही ताडून बघता यावं. ०.१५ गुणिले १.४१४ म्हणजे ०.२१२. पाच ट्रीटमेंट, चार ब्लॉक, म्हणून एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम ४ गुणिले ३, बारा. बाराला टी २.१७९. गुणाकार ०.४६. जमतंय. पण "रँडमाइज्ड ब्लॉक" हे शब्द ओळीत नसतील तर वाचणारा बारा कुठून आणणार? पूर्ण रँडमाइज्ड डिझाइन समजला तर पंधरा धरेल.

शिवारवाट
खरं आहे. दोन्ही घालतो. वीस वर्षं शिकवतोय आणि हे सुटलं.

मच्छेची_सून
कॅप्शन हवंय का? मी मुलीच्या बारशाच्या फोटोंना लिहिली होती, सगळ्यांना आवडली. पाठवू?

हलगा_नाका
ताई, हे संशोधन लेखातल्या चित्रांखालच्या मजकुराबद्दल चाललंय. बारशाचे पेढे मात्र पाठवा 🙂

मच्छेची_सून
अय्या! बरं बरं. पेढे नाहीत, कुंदा आहे.

स्लाइड_आणि_चहा
पॅथॉलॉजीत आहे, ड्युटीवर आहे, तुटक लिहिते. आमच्या एका लेखात सूक्ष्मदर्शकाच्या फोटोखाली "एच अँड ई, ४००एक्स" एवढंच. छापताना मासिकानं फोटो एका कॉलममध्ये बसवला, नंतर कुणी प्रोजेक्टरवर भिंतभर दाखवला. दोन्हीकडं "४००एक्स" खोटंच. आता फोटोतच स्केल बार भाजते आणि खाली लिहिते, बार ५० मायक्रोमीटर. फोटो ताणला की बारही ताणतो. शिवाय बाण कशाला दाखवतोय, कुठल्या अवयवाचा तुकडा, हे प्रत्येक फोटोखाली. "बाण पाहा" एवढं लिहून आम्ही मोकळे व्हायचो, कशाचा बाण ते फक्त मजकुरात.

स्लाइड_आणि_चहा
आणि अ, ब, क, ड असे चार फोटो असतील तर चारही अक्षरांचं खाली काहीतरी असलंच पाहिजे. आमचा ड एकदा अनाथ राहिला होता.

दप्तरखाना
माझा विषय लोकसंख्या. बेळगाव जिल्ह्याच्या वाढीचा तक्ता केला होता, १९५१, १९६१, पुढं २०११ पर्यंत. एका ज्येष्ठ बाईंनी परीक्षण करताना मजकूर बाजूला ठेवला, फक्त तक्ता वाचला आणि विचारलं, "१९५१ मध्ये चंदगड कुठं आहे?" पाय गळाले. चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग वगळला गेला, आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मी १९५१ चा आकडा जुन्या हद्दीचा घेतला होता आणि १९६१ चा नव्या. वाढीचा दर त्यामुळं खोटाच कमी दिसत होता. हे मला माहीत होतं, मजकुरात एक वाक्यही होतं. पण तक्ता उचलून नेणारा ते वाक्य बरोबर नेत नाही.

आता टीप अशी आहे: "सर्व वर्षांचे आकडे १९६१ च्या हद्दीप्रमाणे जुळवलेले, १९५१ मधून चंदगड तालुका वगळला आहे. 'बेळगावी' हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून. तक्त्यात सर्वत्र 'बेळगाव' वापरले आहे. आडवी रेघ म्हणजे आकडा उपलब्ध नाही, शून्य म्हणजे शून्य."

शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल. माझ्या आधीच्या मसुद्यात रेघ दोन्ही अर्थांनी होती, एका सहकाऱ्यानं ती सगळीकडं शून्य धरून सरासरी काढली.

हत्तरगी_टोल
चंदगडचा विषय काढलात तर आमच्या आजोळाची आठवण झाली, काजू आणि पाऊस. यंदा तिकडं रस्ता कसा आहे?

दप्तरखाना
पाटणे फाट्यापर्यंत ठीक, पुढं खड्डे.

लाल_पेन
मी मासिकांसाठी प्रती तपासते, निपाणीहून. तक्त्याखालच्या खुणांचं सांगते, रोज भेटणारी अडचण. आकड्यावर टीप दाखवायला लोक वर छोटा २ लिहितात. "४.६" वर छोटा २ म्हणजे टीप की वर्ग? म्हणून बरीच मासिकं छोटी इंग्रजी अक्षरं सुचवतात. पण शेतीच्या तक्त्यात तीच अक्षरं फरक दाखवायला आधीच बसलेली असतात. तिथं मग कट्यारीसारखी खूण †, मग ‡. तारका पी-व्हॅल्यूला राखून ठेवायची. खुणा डावीकडून उजवीकडं, ओळीओळीनं याव्यात, नाहीतर वाचणारा खाली शोधत बसतो.

टिपांचा क्रमही ठरवा. आधी सगळ्या तक्त्याला लागू असलेलं, संक्षेप आणि एकक त्यातच. मग एकेका खान्याचं. शेवटी तारकांचं.

चिकोडीचा_पोऱ्या
पण मॅडम प्रत्येक आकृतीत संक्षेप पुन्हा सोडवायचे? आठ आकृत्या आहेत, आठही वेळा टी१ ते टी५? मासिक म्हणतं पद्धत पुन्हा लिहू नका.

लाल_पेन
सोडवायचे. "पद्धत पुन्हा लिहू नका" म्हणजे नांगरट कधी केली, तणनाशक कुठलं, हे नको. ट्रीटमेंटची नावं पद्धत नव्हेत, ती नसतील तर स्तंभ मुका. शब्दमर्यादा आडवी आली तर टी१ ऐवजी अक्षाखालीच "युरिया ७५ + शेणखत २५" लिही, खालची अर्धी ओळ वाचते. "आकृती १ प्रमाणे" असं लिहू नकोस.

हलगा_नाका
इथं माझं मत थोडं वेगळं. एकाच पानावर शेजारी असलेल्या दोन आकृत्यांना "१ प्रमाणे" चालतं.

लाल_पेन
पान वेगळं होतं, फोटो वेगळा होतो. शिवारवाटांचीच गोष्ट बघा.

गोकाक_फॉल्स
निष्कर्ष ओळीतच लिहावा का? माझ्या परीक्षकांपैकी एक म्हणाले, "शेणखतामुळे उत्पादन टिकून राहते" असं शीर्षकच द्या. दुसरे म्हणाले, आकृतीनं दाखवावं, सांगू नये. मी दोनदा बदललं.

हलगा_नाका
काही मासिकं मागतात, काही खोडतात. छापलेले दोन अंक काढून बघा. पण निष्कर्ष लिहिलात तर तो त्याच आकृतीतून निघायला हवा. टी४ सरस असं वर आणि अक्षर समान असं खाली, हे चालणार नाही.

स्लाइड_आणि_चहा
मी एक करते. आकृतीचं पान वेगळं छापून शेजारच्या विभागातल्या माणसाला देते. काय समजलं विचारत नाही, फक्त म्हणते, जे विचारावंसं वाटेल ते पेन्सिलीनं लिही. मागच्या वेळी तीन प्रश्न आले: किती रुग्ण, रेषा कशाची, "नियंत्रण गट" म्हणजे निरोगी की उपचार न घेतलेले. तिसऱ्याचं उत्तर मजकुरातही नव्हतं!

शिवारवाट
ही युक्ती आजच केली. सुधारलेली आकृती दुकानदारालाच दाखवली. शांतपणे वाचली आणि म्हणाला, "सर, म्हणजे हे एकाच खरिपाचं आणि एकाच शेताचं?" होय म्हटलं. "मग पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला तर?" दुसऱ्या वर्षाचे आकडे माझ्या वहीत आहेत, छापले नाहीत, कारण दोन ब्लॉक पाण्याखाली गेले होते. ते कसे मांडावेत, कुणाला अनुभव आहे का?

गोकाक_फॉल्स
दोनच ब्लॉक उरले तर एररला डिग्रीज ऑफ फ्रीडम चारच राहतील, सीडी फुगेल. वेगळी आकृती करा, दोन वर्षं एकत्र मिसळू नका. बाकी हलगा_नाका सांगतील.

हत्तरगी_टोल
मधेच विचारतो, झेरॉक्समध्ये हिरवा आणि लाल स्तंभ एकसारखेच राखाडी येतात, त्याला काय करता तुम्ही लोक?