मदत हवी आहे: लाप्लास रूपांतराच्या उत्तराचा ताळा जुळत नाही

नोट्समध्ये y″ + 3y′ + 2y = δ(t), y(0) = 0, y′(0) = 0 हे समीकरण लाप्लास रूपांतराने सोडवले आहे. अवकलनाच्या जागी s ने गुणाकार येतो आणि सुरुवातीच्या अटी त्याच पायरीत सामावतात, म्हणून (s² + 3s + 2)Y = 1 एवढे साधे बैजिक समीकरण उरते; स्थिरांक शोधण्याची वेगळी खटपट करावी लागत नाही. आंशिक अपूर्णांक करून y = e⁻ᵗ − e⁻²ᵗ मिळते, इथवर सारे सरळ आहे.

मात्र या उत्तराचे अवकलन करून t = 0 ठेवले, तर y′ ची किंमत 1 येते, दिलेली 0 नव्हे. δ(t) च्या धक्क्याने y′ एकदम उडी घेतो आणि दिलेली अट धक्क्याच्या आधीची, म्हणजे 0⁻ ची असावी, असे मला वाटते. तसे असेल, तर रूपांतरातील संकलनाची खालची मर्यादाही 0⁻ च धरायची ना? जाणकारांनी कृपया सांगावे.