शब्दचर्चा : ‘मुलींना नेल्या’ की ‘मुलींना नेले’?

मेघना : शाळेच्या वार्षिक अंकाचं मुद्रितशोधन करते आहे. सहलीच्या वृत्तान्तातलं हे वाक्य बघा :

‘बाईंनी पाचवीच्या मुलींना शिवनेरीला नेल्या, त्यांना गंगा-जमुना टाकी दाखवली आणि दुपारी खाली उतरून सगळ्या जेवल्या.’

‘नेल्या’ मला खटकतं, पण नेमकं का ते सांगता येत नाही. ‘नेले’ केलं, तर मुली स्त्रीलिंगी असताना ‘नेले’ कसं, असं दुसऱ्या शिक्षिका विचारतात. त्यांनी शेवटी ‘सगळ्यांनी जेवल्या’ असाही बदल सुचवला आहे, कारण वाक्य ‘बाईंनी’ने सुरू होतं. कर्त्याप्रमाणे क्रियापद जुळवायचं म्हटलं, तर या वाक्यात नक्की कशाला कर्ता धरून तपासायचं?

प्रसाद : ‘नेल्या’ बरोबर आहे. बाई म्हणजे शिक्षिका, आदरार्थी अनेकवचन. बाई आल्या, बाई बसल्या, तसं बाईंनी नेल्या.

शरयू : प्रसाद, ‘बाई आल्या’ बरोबरच आहे, पण ‘बाईंनी’ झाल्यावर त्या आदराचा क्रियापदाशी संबंध उरत नाही. तपासायचं तर बाईंच्या जागी सर आणून बघा. ‘सरांनी मुलींना नेल्या’ म्हणणारा माणूस ‘बाईंनी मुलींना नेल्या’ही म्हणेल. म्हणजे ‘ल्या’ आलं ते मुलींमुळे, बाईंमुळे नाही. आता मुलींच्या जागी एखादी वस्तू ठेवा : बाईंनी पिशवी नेली, बाईंनी डबा नेला, बाईंनी डबे नेले. बाई त्याच आहेत, क्रियापद मात्र दर वेळी वेगळं. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की क्रियापद त्याच्याकडे बघत नाही.

मेघना, मुद्रितशोधनात मी एकच गोष्ट शोधते : वाक्यात प्रत्यय न लागलेलं नाम कोणतं? कर्ता मोकळा असेल तर क्रियापद त्याच्याशी जुळतं. कर्त्याला ‘ने’ लागला असेल आणि कर्म मोकळं असेल तर कर्माशी. दोघांनाही प्रत्यय लागला असेल तर क्रियापदाला जुळायला कुणीच उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात जातं. तुमच्या पहिल्या तुकड्यात ‘बाईंनी’ आणि ‘मुलींना’ दोन्ही बांधलेले आहेत. म्हणून ‘नेले’.

प्रसाद : अच्छा, म्हणजे सोपं आहे. वाक्यात ‘ला’ किंवा ‘ना’ दिसला की डोळे मिटून नपुंसकलिंग. मग पुढच्या तुकड्यात ‘त्यांना’ आहे, तिथेही ‘दाखवले’ करावं लागेल.

शरयू : नाही, तिथे हात लावू नका. ‘आईने मुलाला गोष्ट सांगितली’ हे वाक्य घ्या. ‘मुलाला’मध्ये ‘ला’ आहे, पण सांगितली ती गोष्ट, आणि गोष्ट मोकळी आहे. मुलगा फक्त ऐकणारा. तसंच इथे मुली बघणाऱ्या आणि दाखवली ती टाकी. दाखवणे, देणे, सांगणे, शिकवणे या क्रियापदांत ‘ला’चा माणूस हा घेणारा असतो. त्याला बाजूला ठेवून काय दिलं, काय दाखवलं ते शोधायचं. मुलींना ‘नेलं’ तेव्हा मात्र नेण्याची वस्तूच मुली आहेत, दुसरं काही नेलेलं नाही.

प्रसाद : पण टाकी तर दोन आहेत, गंगा आणि जमुना. मग एकवचनी ‘दाखवली’ कसं चालतं?

शरयू : ते एकवचन नाहीच. गडावरचं पाण्याचं कोरीव टाकं, ते टाके. त्याचं अनेकवचन टाकी. नपुंसकलिंगी अनेकवचनाचं क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनासारखंच दिसतं : पोथी वाचली, पुस्तके वाचली. शंका आली की पुढे ‘आहे’ जोडा. पोथी वाचली आहे, पुस्तके वाचली आहेत. ‘त्यांना टाकी दाखवली आहेत’ म्हणजे अनेकवचन. घराच्या गच्चीवरची टाकी असती तर ‘दाखवली आहे’.

वैदेही : मीही विचारून घेते. आम्ही नागपूरचे. घरी आम्ही बायका ‘मी गेली’, ‘मी आली’ असंच म्हणतो. पुण्यात आल्यावर ऑफिसात सगळ्या ‘मी गेले’, ‘मी आले’ म्हणतात. वरती म्हटलंय की कुणीच जुळायला नसलं की ‘नेले’, म्हणजे नपुंसकलिंग. मग पुण्याच्या बायका स्वतःला नपुंसकलिंगात का बोलतात? ‘मी गेली’ जास्त बरोबर नाही का?

शरयू : वैदेही, तुमचा प्रश्न मेघनाच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे, पण त्यातून एक फार उपयोगी खूण हाती लागते. छापील मराठीत शेवटचा ‘ले’ तीन वेगवेगळ्या कामांना येतो. डबे नेले, हे पुल्लिंगी अनेकवचन. पत्र नेले, हे नपुंसकलिंगी एकवचन. मी गेले, हे बाईने स्वतःबद्दल बोलतानाचं रूप. कागदावर तिन्ही सारखे दिसतात. आता तीच वाक्यं रोजच्या बोलण्यात म्हणा. पत्र नेलं. पण डबे ‘नेलं’ असं कुणी म्हणत नाही, आणि पुण्यातली बाई ‘मी गेलं’ही म्हणत नाही. ‘लं’ होतो तो फक्त नपुंसकलिंगी एकवचनाचा. तेव्हा ‘मी गेले’ हे नपुंसकलिंग नाही. गेलो-गेले ही ‘मी’साठीची जोडी आहे, आणि छापील लिखाणात ती धरतात. ‘मी गेली’मध्ये तुम्ही ‘ती गेली’चंच रूप ‘मी’लाही वापरता. विदर्भातल्या बोलण्यात ते सरसकट आहे आणि तिथे त्यात काही चूक नाही. अर्जात किंवा लेखात लिहिताना ‘गेले’ लिहा.

वैदेही : हे पटलं. पण ‘मी पोळी खाल्ली’ तर पुण्याच्या बायकाही म्हणतात. तिथे ‘खाल्ले’ का नाही?

शरयू : कारण तिथे ‘मी’ला ‘ने’ आहे, फक्त दिसत नाही. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो दिसेल असा लागत नाही. ‘मी’च्या जागी एखादं नाव घाला : वैशालीने पोळी खाल्ली. ‘ने’ आला, म्हणजे क्रियापद पोळीचं. पण वैशाली गेली. ‘ने’ आला नाही, म्हणजे क्रियापद वैशालीचं, आणि ‘मी’ म्हणताना ते ‘गेले’ होतं.

मेघना, तुमच्या वाक्याच्या शेवटालाही हीच कसोटी लावा. वैशाली जेवली. ‘वैशालीने जेवली’ कुणी म्हणत नाही. जेवणे हे क्रियापद ‘ने’ घेतच नाही, म्हणून ‘सगळ्या जेवल्या’ हेच बरोबर. वाक्याची सुरुवात ‘बाईंनी’ने झाली म्हणून शेवटच्या क्रियापदाच्या कर्त्याला ‘नी’ लावायचं काहीच कारण नाही. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता वेगळा तपासायचा. ‘सगळ्यांनी डबे खाल्ले’ लिहायचं असेल तर ‘नी’ हवा, कारण खाणे ‘ने’ घेतं.

मेघना : हे फार कामाचं आहे. ‘नेले’बद्दल मात्र शिक्षिकांना पटवायला अजून काहीतरी हवं. याच अंकात मुलांच्या सहलीचंही वाक्य आहे : ‘सरांनी मुलांना रायगडावर नेले.’ त्या म्हणतात, बघा, मुलं अनेक म्हणून ‘नेले’, मग मुली अनेक म्हणून ‘नेल्या’.

शरयू : त्यांना ते वाक्य बोलून दाखवायला सांगा. त्या ‘मुलांना रायगडावर नेलं’ म्हणतील. ‘लं’ आला, म्हणजे एकवचन. दुसरी खूण, ‘आहे’ जोडा. ‘सरांनी मुलांना नेले आहे’ की ‘नेले आहेत’? ‘आहे’च बरोबर. ‘होते’ जोडून मात्र तपासू नका, कारण ‘डबे नेले होते’ आणि ‘पत्र नेले होते’ दोन्ही सारखेच, त्यातून काही कळत नाही. ‘मुलांना नेले आहेत’ अशी चूक छापून येते ती याच गोंधळातून : लिहिणाऱ्याला ‘नेले’ अनेकवचनी वाटलं की तो सहायक क्रियापदही अनेकवचनी करतो.

भार्गव : मी वडोदऱ्यात वाढलो, घरात मराठी, बाहेर गुजराती. आमच्याकडे ‘आईने मुलीला बोलावली’ अगदी सहज येतं. गुजरातीत कर्माला आपल्या ‘ला’सारखा ‘ने’ लागला तरी क्रियापद त्या कर्माशीच जुळतं, ‘छोकरीने बोलावी’. मला वाटायचं, आमचं मराठी गुजरातीमुळे बिघडलं. पण कोल्हापूरच्या आत्याच्या तोंडीही ‘पोरीला झोपवली’ ऐकलं आहे, आणि तिचा गुजरातीशी संबंध नाही.

शरयू : आत्याचं तुम्ही ऐकलंत ते खरंच आहे. ‘आईने मुलीला निजवली’, ‘तिने गाईला घरी नेली’ अशी वाक्यं महाराष्ट्रातही बोलली जातात आणि व्याकरणाची पुस्तकं त्यांना स्वतंत्र नावही देतात, कर्म-भाव संकर. म्हणजे कर्माला ‘ला’ लागला आहे, तरी क्रियापदाने त्याची साथ सोडलेली नाही. गुजरातीच्या सहवासात ती सवय बळावत असेल, पण ती तिकडूनच आली असं म्हणायला तुमची आत्याच आड येते.

प्रसाद : मग ‘मुलींना नेल्या’ चूक कसं? संकर म्हणून सोडून द्या ना.

शरयू : गोष्टीतल्या आजीच्या तोंडी असतं तर मी सोडलं असतं. शाळेच्या वृत्तान्तात नाही. आणि मला तर असंही वाटतं की हा संकर एकवचनात जास्त ऐकू येतो, ‘पोरीला झोपवली’. ‘मुलींना नेल्या’ ऐकताना मेघनाला खटकलं, ते मलाही खटकतं.

मेघना : एक पळवाट सुचली. ‘ना’ काढूनच टाकला तर? ‘बाईंनी पाचवीच्या मुली शिवनेरीला नेल्या.’ मुली मोकळ्या, मग ‘नेल्या’ शंभर टक्के बरोबर, आणि शिक्षिकाही खूश.

शरयू : जुळणी बरोबर आहे, पण वाक्य नीट लागत नाही. ओळखीच्या, ठरावीक माणसांना आपण कर्म करतो तेव्हा ‘ला’ लावतो. ‘पोलिसांनी चोर पकडला’ म्हणतो, कारण तो कुठला तरी चोर. ‘पोलिसांनी त्या चोराला पकडलं’ म्हणतो, तो अमुक एक चोर असतो तेव्हा. लग्नासाठी ‘मुलगी पाहिली’ आणि रस्त्यात ‘मुलीला पाहिलं’ यांत जो फरक आहे तोच. पाचवीच्या मुली तुमच्या शाळेच्याच आहेत, त्यांना ‘ना’ हवा. ‘मुलींना शिवनेरीला नेले, त्यांना टाकी दाखवली आणि दुपारी खाली उतरून सगळ्या जेवल्या.’ एका वाक्यात तीन क्रियापदं, तिन्हींची जुळणी वेगळी, आणि तिन्ही बरोबर.

भार्गव : ‘वैशाली’ची कसोटी मी काही क्रियापदांवर लावून पाहिली. वैशाली बोलली, वैशाली विसरली, वैशाली पाणी प्यायली, इथपर्यंत ठीक. ‘वैशाली म्हणाली’ आणि ‘वैशालीने म्हटले’ ही दोन्ही जमतात. पण ‘शिकणे’पाशी अडलो. मी ‘वैशाली पोहायला शिकली’ म्हणतो. माझी मुलगी मात्र ‘वैशालीने नवीन गाणं शिकलं’ म्हणते, आणि तिच्या वर्गातली सगळी मुलं तसंच म्हणतात.

शरयू : मी अजून ‘वैशाली नवीन गाणं शिकली’ असंच लिहीन आणि दुसऱ्याच्या मजकुरातही तसंच करीन. पण ‘ने’वालं वाक्य आता पुण्यातही सर्रास ऐकू येतं. कर्म समोर दिसलं की मुलं खाणे, वाचणे यांच्या चालीवर ‘शिकणे’लाही ‘ने’ जोडतात असं मला वाटतं, कारण ‘पोहायला शिकली’ला तीच मुलं ‘ने’ लावत नाहीत.

वैदेही : आमच्याकडे तर ‘मी गाणं शिकली’. आता ‘मी’ला तो न दिसणारा ‘ने’ नाही, हे तरी ओळखता आलं.

मेघना : ‘नेले’ आणि ‘सगळ्या जेवल्या’ ठेवून पान छपाईला पाठवते आहे. पुढच्या पानावर ‘विद्यार्थिनींनी लेझीम शिकल्या’ आहे. ते ‘विद्यार्थिनी लेझीम शिकल्या’ केलं.