होल्डरशिवाय आरव्हीजी काढायचाच नाही, हा हट्ट बरोबर आहे का?

पहिलंच_वर्ष: काल २५ नंबरच्या दाताच्या रूट कॅनॉलमध्ये फाईलचा स्टॉपर २० मिमीला लावला होता, एपेक्स लोकेटरही तेच सांगत होता. आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, मोजली तर फाईल २३ मिमी, आणि दातही लांबुडका. सेन्सर पेशंटने बोटाने धरला होता. आमचे सर म्हणतात, "अँगल वाढव, झालं. होल्डर लावत बसलीस तर दिवसाला दोन पेशंट कमी होतील." माझं म्हणणं, सेन्सर धरायच्या होल्डरशिवाय काढूच नये. पण हट्टाने होल्डर लावला तर अर्धा फोटो पांढरा आला आणि सर हसले. कोणाचं बरोबर?

जुनाजाणता: सरांचं बरोबर. आम्ही फिल्मच्या जमान्यात शिकलो, डेव्हलपरमध्ये बोटं काळी केली. बाइसेक्टिंगने हजारो आयओपीए काढले, होल्डर कॉलेजच्या कपाटात बघितला तेवढाच. दात लांब आला तर अँगल कमी पडला, आखूड आला तर जास्त झाला. वरच्या प्रीमोलरला तीस-चाळीस अंश द्या, दुसऱ्या फोटोत बरोबर येईल.

रूटकॅनॉलवाला: जुनाजाणता सरांचा नियम खरा आहे, पण "दुसऱ्या फोटोत" हे शब्द त्यांनीच लिहिलेत. पहिल्यात का येत नाही, ते या २५ नंबरवरच बघू.

समजा सेन्सर दातापासून ३० अंश कलला होता. टाळू उथळ असला आणि बोटाने दाबला की एवढा सहज कलतो. त्याची खालची कड दाताला टेकते आणि वरची टाळूच्या मध्याकडे सरकते. आता मशीनचं नळकांडं तुम्ही दाताला काटकोनात धरलंत. (नळकांडं म्हणतोय, कारण मराठीत 'कोन' म्हटलं की अँगल की मशीनचा कोन, यावरून आमच्या ओपीडीत रोज भांडणं होतात.) या स्थितीत २० मिमीची फाईल पडद्यावर २३.१ मिमी दिसते. तुमचा आकडा जवळजवळ हाच आहे.

तेच नळकांडं १५ अंश वर उचललं की किरण दात आणि सेन्सर यांच्या बरोबर मधल्या रेषेला काटकोनात जातो आणि फाईल २० मिमी येते. बाइसेक्टिंग म्हणजे हेच, आणि गणित म्हणून त्यात काही खोट नाही. पण सरांचं ऐकून आणखी १५ अंश उचललं तर किरण सेन्सरला काटकोनात जातो आणि तीच फाईल १७.३ मिमी होते. दात तोच, सेन्सर हललेला नाही, पेशंट हलला नाही. तीस अंशांच्या आत २३ पासून १७ पर्यंतचे सगळे आकडे मिळतात. आणि सेन्सर ३० अंश कललाय की १५, हे तोंडाच्या बाहेरून कुणाला दिसतं? मधली रेषा आपण डोक्यात काढतो. सरांना अनुभवाने ती नेमकी जमत असेल. पहिल्या वर्षात ती अंदाजपंचेच असते.

किरण दाताला काटकोनाच्या जवळ आणि सेन्सरला तिरका गेला तर दात लांबतो, सेन्सरला काटकोनाच्या जवळ आणि दाताला तिरका गेला तर आखडतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पॅरललिंगमध्ये दात आणि सेन्सर समांतरच असल्यामुळे एकाला काटकोनात गेलेला किरण दुसऱ्यालाही काटकोनातच जातो, मधली रेषा कल्पायची वेळच येत नाही.

दाढेचा_मालक: डॉक्टर लोकांच्या गप्पांत शिरतोय, माफ करा. गेल्या महिन्यात माझ्या एकाच दाढेचा फोटो चार वेळा काढला आणि दर वेळी डॉक्टर म्हणाले "कोन कट झाला". माझ्या दाढेचा कोपरा कापला गेला का? आणि चार वेळा किरण लागले त्याचं काय?

खुर्चीशेजारची: दादा, दाढ शाबूत आहे. कापला गेला तो फोटो. मशीनचा झोत सेन्सरवर पूर्ण पडला नाही, म्हणून काही भाग कोरा राहिला. एका फोटोचे किरण म्हणजे आपण एरवी निसर्गातून एखाद्या दिवसात घेतो साधारण तेवढेच, तेव्हा झोप उडवू नका. पण चार वेळा का काढावा लागला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता मॅडमच्या पांढऱ्या फोटोबद्दल. मी डॉक्टर नाही, दहा वर्षं डेंटल असिस्टंट आहे. होल्डर लावूनही कोन कट आला तर माझ्या अनुभवात तीनच गोष्टी निघतात. पहिली म्हणजे होल्डर चुकीचा जोडलेला असतो. आमच्याकडे निळा पुढच्या दातांचा, पिवळा मागच्या. निळ्याचा दांडा पिवळ्याच्या रिंगमध्ये घुसवला की बसतो, पण सेन्सर रिंगच्या मधोमध येत नाही. म्हणून तोंडात घालण्याआधी एक डोळा मिटून रिंगमधून बघते, सेन्सर पूर्ण आणि मध्ये दिसला तरच आत. दुसरी, नळकांडं रिंगला टेकवलं, डॉक्टर बटणाकडे गेले, आणि मशीनचा हात ढिला असल्याने तो इंचभर खाली आला. कोणालाच कळत नाही. तिसरी, पेशंट मान वळवून विचारतो "झालं का?"

पांढऱ्या भागाची कड बघा. गोल नळकांड्याचा कोन कट कमानीसारखा येतो, चौकोनी कॉलिमेटरचा सरळ रेषेत. आणि पांढरं ज्या बाजूला, नळकांडं त्या बाजूला सरकवायचं. नवे डॉक्टर हमखास उलट सरकवतात.

इंटर्नशिप_चालू: मलाही कोन कट खूप येतो! काल ३६ चा काढला, दोन्ही मुळांची टोकं गायब. नळकांडं तीनदा खाली सरकवलं, तरी तेच.

खुर्चीशेजारची: कमान होती का पांढरी?

इंटर्नशिप_चालू: नाही, कडेपर्यंत फोटो नीट होता. फक्त मुळं संपायच्या आधी फोटो संपला.

खुर्चीशेजारची: मग तो कोन कट नाहीच. सेन्सरच वर राहिला. खालच्या दाढेला सेन्सर जिभेच्या आणि दाढेच्या मध्ये सोडताना पेशंटला एकदम चावायला सांगू नका. तोंडाचा तळ ताठ असतो, तो सेन्सरला वर ढकलतो. हळूहळू मिटायला सांगा, तळ सैल पडतो आणि सेन्सर आपोआप खाली उतरतो.

जुनाजाणता: ताई, तुमचं मान्य. पण रूटकॅनॉलवाल्यांना विचारतो, होल्डर लावला की दात लांब-आखूड येतच नाही, असा दावा आहे का? माझ्या मुलाच्या क्लिनिकमध्ये होल्डरवरच चालतं, तरी दात आखूड आलेले मी बघितलेत.

रूटकॅनॉलवाला: बरोबर बघितलंत, आणि ही गोष्ट होल्डरवाले कबूल करत नाहीत. रिंग नळकांड्याला सेन्सरच्या काटकोनात बांधते. दाताच्या नाही. पेशंटने होल्डरच्या चावायच्या ब्लॉकवर नीट चावलं नाही आणि आत सेन्सर कलला, तर रिंग इमानदारीने नळकांडं चुकीच्या जागी नेते. वरच्या हिशेबातला १७.३ हाच. फक्त होल्डरमध्ये ३० अंश कलणं विरळा. १० अंश कलला तर २० मिमीची फाईल १९.७ येते, २० अंशांवर १८.८. म्हणून २० अंशांपर्यंतचा कल चालवून घेतात. होल्डर रिंगप्रमाणे वापरला तर चूक जवळजवळ नेहमी आखूड होण्याकडेच जाते. होल्डर असूनही दात लांब आला तर समजायचं, नळकांडं रिंगला टेकलेलंच नव्हतं.

आणि उथळ टाळूवर सेन्सर दाताला चिकटवायचा मोह टाळा. तिथेच तो कलतो. टाळूच्या मध्यापर्यंत आत न्या, खोली तिथे सगळ्यात जास्त असते. ब्लॉक आणि खालच्या दातांच्या मध्ये कापसाचा बोळा ठेवला तर पेशंट न घाबरता चावतो.

तालुक्याचा_डॉक्टर: इथेच माझी अडचण आहे. सेन्सर टाळूच्या मध्यावर नेला म्हणजे दातापासून दोन सेंमी लांब गेला. लांब नळकांड्याच्या मशीनवर, जिथे फोकस दातापासून ४० सेंमीवर असतो, तिथे फोटो पाच टक्के मोठा होतो, ते ठीक. माझ्याकडे लाईट जाते म्हणून बॅटरीवरचं हातातलं मशीन आहे, त्याचा फोकस २० सेंमीवर. तिथे तोच फोटो दहा टक्के मोठा. म्हणजे सगळं समांतर, सगळं काटकोनात, तरी २० मिमीची फाईल २२ दिसणार. मग मी होल्डर लावून मिळवलं काय? रूटकॅनॉलवाल्यांच्या ३० अंशांच्या हिशेबातही हे मॅग्निफिकेशन धरलेलं नाही.

रूटकॅनॉलवाला: धरलेलं नाही, खरंय. बोटाने धरलेला सेन्सर दाताजवळ असतो म्हणून सोडून दिलं, पण मुळाच्या टोकापाशी तो लांबच जातो. २३ मधला काही भाग मॅग्निफिकेशनचा असणार आणि कल ३० पेक्षा कमी. २५ च्या आसपास म्हणा.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे माझ्याकडे. मॅग्निफिकेशन दात आणि फाईल दोन्हीला सारखं लागतं. फाईल २० ची आहे हे तुम्हाला माहीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावरच कॅलिब्रेट करा, मग टोकापर्यंतचं उरलेलं अंतर बरोबर निघतं. सरळ मूळ असेल तर अँगल चुकून लांबलेल्या फोटोवरही हे बऱ्यापैकी चालतं. पण २६ सारख्या दातावर नाही. तिथे उंच अँगलने काढलं की टाळूकडचं मूळ लांबतं, गालाकडची आखडतात, वर गालफडाचं हाड नेमकं टोकांवर येऊन बसतं. एकाच फोटोत तीन वेगळी मापं, कॅलिब्रेट कशावर करणार? होल्डर मला तिथे हवा असतो, २५ ला नसला तरी एकवेळ निभतं.

तालुक्याचा_डॉक्टर: निम्मंच उत्तर, कारण प्री-ऑप फोटोत फाईल नसते. तेव्हा कॅलिब्रेट कशावर?

जुनाजाणता: आणि ज्याला ओकारी येते त्याच्या टाळूच्या मध्यावर तो ठोकळा कसा नेणार, तेही सांगा. मी तरी तिथे बाइसेक्टिंगच करणार.

रूटकॅनॉलवाला: ओकारीच्या पेशंटला मीही करतो, सर. फक्त पेशंटच्या बोटाऐवजी साधी दाताने धरायची पट्टी देतो. बोट झोतात कशाला आणायचं?

पहिलंच_वर्ष: आज २६ ला करून बघितलं. खुर्चीशेजारचीताईंचा एक डोळा मिटायचा प्रयोग केला तर कळलं, आमच्या डब्यात पिवळा दांडा नाहीच! कोणीतरी हरवलाय आणि सगळे निळ्यावर काम भागवतायत. शेजारच्या क्लिनिकमधून मागून आणला. पहिल्याच फोटोत तिन्ही मुळं, गालफडाचं हाड टोकांच्या वर, पांढरं काही नाही. सरांनी फोटो मोठा करून बघितला, म्हणाले, "बरा आलाय. वेळ किती लागला?" घड्याळ लावलं नव्हतं. उद्या लावते, आणि बोटाने धरून काढायलाही किती लागतो तेही मोजते, दुसऱ्या फोटोसकट.