टांगलेले चाक खाली न पडता आडवे का सरकते?

राजारामपुरीचा विद्यार्थी: सायकलच्या चाकाच्या आसाचे एक टोक दोरीला टांगून चाक जोरात फिरवले आणि सोडले, तर ते पडत नाही, दोरीभोवती सावकाश प्रदक्षिणा घालते. वजनाचा टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, तर त्याला खाली पाडणारा आहे. मग हे आडवे जाणे कशामुळे?

उद्यमनगरकर: माझ्या मते फिरण्यातून निर्माण होणारे बल वजन तोलून धरते, त्यामुळे चाक हलके होते. चालू हँड ग्राइंडर वळवताना मनगट भलतीकडे ओढले जाते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी: मनगटाचा अनुभव खरा आहे, पण चाक हलके होत नाही. दोरी ताणकाट्याला अडकवून पाहा. 2 किलोचे चाक संथ प्रदक्षिणा घालतानाही काटा 2 किलोच दाखवतो. वजनाचा टॉर्क आसाला लंब आणि आडवा असतो. चाक स्थिर असेल तर त्या दिशेने शून्यातून कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, निर्माण होतो, आणि त्यालाच आपण पडणे म्हणतो. फिरत्या चाकापाशी मात्र आसाच्या दिशेने मोठा संवेग आधीच असतो. तो आसाच्या दिशेचा लांब बाण आहे असे समजा, त्यामुळे लंब दिशेची थोडी भर पडली की त्या बाणाची लांबी तेवढीच राहते आणि टोक बाजूला सरकते.

सगळे वस्तुमान 30 सेंटिमीटर त्रिज्येच्या धावेत आहे असे धरा. सेकंदाला 4 फेऱ्या असतील, तर संवेग सुमारे 4.5 एकक येतो. दोरीपासून चाकाचे अंतर 10 सेंटिमीटर असेल, तर टॉर्क जवळपास 2. म्हणजे बाण सेकंदाला सुमारे 25 अंश वळतो आणि एक प्रदक्षिणा साधारण 14 सेकंदांत होते.

भोवरेवाला: आमचा भोवरा आधी गुंगतो आणि वेग उतरला की भराभर डोलू लागतो. वेग कमी झाल्यावर डोलणेही मंदावायला नको का?

निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी: नाही. बाण आखूड झाला की तेवढ्याच टॉर्कने तो जास्त अंशांतून वळतो.

उद्यमनगरकर: ताणकाट्याचे मान्य. पण चाकाला बाण कळत नाहीत! प्रदक्षिणेचाही उभ्या दिशेने संवेग असणारच, आणि वजनाचा टॉर्क तर आडवा आहे. मग तो संवेग आला कोठून?

निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी: नेमके बोट ठेवलेत. चाक सोडताच किंचित पडतेच. आस खाली कलला की फिरकीच्या संवेगाचा एक बारीक हिस्सा उभा होतो, आणि तो प्रदक्षिणेच्या उलट दिशेने असल्यामुळे एकूण उभा संवेग शून्यच राहतो. वरच्या आकड्यांनी हा कल अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, म्हणजे चाकापाशी जेमतेम 1 मिलिमीटर येतो. सुरुवातीला चाक त्या पातळीच्या खालीवर डुलते, मग घर्षणाने स्थिरावते.

उद्यमनगरकर: मिलिमीटरचा शंभरावा भाग आम्ही डायल गेजवर सहज वाचतो. पण सोडताना हाताचा आडवा धक्का लागला, तर प्रदक्षिणेचा संवेग हातानेच दिला आणि चाक खचणारच नाही. बिनधक्क्याचे सोडायचे कसे, ते सांगा. तोवर मला हा हिशोब कागदावरचाच वाटतो.

भोवरेवाला: दोऱ्याने बांधा आणि दोरा जाळा.