फ्लॅग एकाच आकड्यात ठेवावेत की प्रत्येकाला वेगळा रकाना द्यावा?

यंत्रमागवाला (अक्कलकोट रोड, सोलापूर):
टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डरींचं ॲप चालवतो. प्रत्येक ऑर्डरीच्या खुणा एकाच आकड्यात ठेवल्यात. नवीन 'निर्यात' खूण लावली की 'रंगाई झाली' ही खूण आपोआप लागते. 'नाकारली' असलेल्या ऑर्डरी तर यादीत येतच नाहीत. आकडा 64 बिटांचा असतो ना? पार्टनर म्हणतो, हे सगळं काढ आणि सरळ true/false ठेव.

```js
const RANGAI  = 1 << 0;
const NAKARLI = 1 << 31;
const NIRYAT  = 1 << 32;
if ((o.flags & NAKARLI) > 0) yadi.push(o);
```

चाटी_गल्ली:
अण्णा, घोळ फक्त `<<` चा आहे. `1 << 32` ऐवजी `2 ** 32` लिहा. जावास्क्रिप्टचा आकडा 53 बिटांपर्यंत अचूक असतो, मग 33 खुणा आरामात बसतील.

बिटमोजणी:
53 बिट बरोबर, पण ते साठवण्यापुरते. `2 ** 32` आकड्यात राहतो, मात्र त्याला `&` लावला की 32 बिटांच्या वरचं सगळं कापलं जातं. कन्सोलवर बघा:

```js
2 ** 32 & 2 ** 32   // 0
1 << 32             // 1
1 << 31             // -2147483648
```

म्हणजे तुमच्या उपायाने 'निर्यात' ही खूण कधी लागणारच नाही, आणि एररही येणार नाही. मूळ कोडमध्ये उलटं होतंय. किती घरं सरकायचं त्या आकड्याचे शेवटचे पाचच बिट बघतात, म्हणून 32 म्हणजे शून्य घरं. निर्यात थेट रंगाईच्या जागी जाऊन बसली.

'नाकारली'चं कारण वेगळं. शून्यापासून मोजलं तर एकतिसावं घर चिन्हाचं, त्यामुळे उत्तर ऋण येतं आणि `> 0` कायम खोटं ठरतं. तिथे `!== 0` लिहा. कंस मात्र काढू नका. `!==` आधी चालतो आणि `&` नंतर.

चाटी_गल्ली:
पण कापायचंच कशाला? 64 बिट आहेत तर 64 वर चालवायचं की.

बिटमोजणी:
त्या 64 मध्ये एक बिट चिन्हाचा, 11 घातांकाचे आणि 52 अपूर्णांकाचे. 5 हा आकडा त्यात 101 असा सरळ मांडलेला नसतोच. त्या मांडणीवरच `&` लावला तर खुणांशी काही संबंध नसलेलं उत्तर येईल. म्हणून आधी पूर्णांक करावा लागतो. 1995 साली भाषा आली तेव्हा हे ऑपरेटर जावावरून घेतले, अगदी `>>>` सकट, आणि जावाचा `int` 32 बिटांचा. असा कुठलाही पूर्णांक परत त्या 64 बिटांत तंतोतंत बसतो, म्हणून उत्तर परत देताना काही गळत नाही. 53 वरही चालवता आलं असतं, पण तेवढ्या रुंदीचं रजिस्टर कुठल्या प्रोसेसरात असतं?

जोडभावी_पेठ:
माझंही असंच झालं होतं. चादरींच्या वर्षभराच्या विक्रीची बेरीज पैशांत ठेवायचो आणि अपूर्णांक उडवायला `| 0` लावायचो. तीन कोटी रुपयांना बेरीज -1294967296 दिसली. मालक म्हणाले, एवढा तोटा कुठून आणला?

बिटमोजणी:
तेच. तीन अब्ज पैसे, त्यातून 4294967296 वजा. तिथे `Math.trunc` वापरा.

होटगी_रोड:
माझं मत पार्टनरच्या बाजूने. डेटाबेसात `-2147483647` दिसलं तर रात्री फोन आलेल्या माणसाला काय कळणार? 'नाकारली आणि रंगाई झाली' हे वाचायला त्याने कॅल्क्युलेटर काढायचा का? शिवाय `flags & 8` असं शोधलं की साधा इंडेक्स कामाला येत नाही. कारखान्याच्या ऑर्डरी हजारांत असतात, कोटींत नाही. वाचवलेल्या बाइटांचं करणार काय?

बिटमोजणी:
डेटाबेसासाठी मान्य. पण मेमरीत तीन-चार खुणा एकदम तपासायच्या असतील तर एका `&` सारखी सोय नाही. रिॲक्टच्या आत कामाचे अग्रक्रम अशाच बिटांत ठेवतात आणि तिथेही 31 वरच थांबलेत. फ्लॅग वापरा, पण 31 पेक्षा जास्त नकोत.

चाटी_गल्ली:
मग `BigInt` घ्या ना! `1n << 32n` बरोबर चालतं.

बिटमोजणी:
चालतं. पण साध्या आकड्याशी मिसळलं की `TypeError`, आणि `JSON.stringify` ला दिलं तरी `TypeError`. सर्व्हरला पाठवताना स्ट्रिंग करावी लागेल.

यंत्रमागवाला:
कोड दुरुस्त करतो. पण ज्या जुन्या ऑर्डरींवर निर्यात लावली, त्यांचं काय?

बिटमोजणी:
बिट एकच आहे, त्यामुळे आकड्यावरून वेगळं करता येणार नाही. निर्यातीच्या इनव्हॉइसांशी जुळवून घ्या. रंगाई मात्र रंगखात्याच्या वहीवरून तपासा, कारण निर्यातीची खूण काढताना खरी रंगाईही पुसली गेली असेल.

होटगी_रोड:
वेगळे रकाने असते तर ही वही उघडायची वेळच आली नसती.

बिटमोजणी:
33 खुणा होऊ दिल्या नसत्या तरी आली नसती.