सहा रुपयांत हजाराचा शेअर? सिंथेटिक लाँगवर चर्चा

नवखा_सांगली: शेअर 1000 ला आहे, लॉट 500 चा. याच महिन्याचा 1000 चा कॉल 32 ला घेतला आणि 1000 चाच पुट 26 ला विकला, तर फक्त सहा रुपयांत शेअर घेतल्यासारखंच झालं ना? मग पाच लाख कशाला अडकवायचे?

उज्ज्वला_ठाणे: शेअर घेतल्यासारखं झालं हे बरोबर, यालाच सिंथेटिक लाँग म्हणतात, पण ते सहा रुपयांत झालेलं नाही. एक्स्पायरीला भाव 1050 असेल तर कॉलचे 50 मिळतील, त्यातून सहा वजा, म्हणजे 44 चा फायदा. भाव 900 ला आला तर कॉल शून्य, विकलेला पुट 100 रुपयांनी अंगावर, वर ते सहा. एका लॉटवर 53,000 गेले. तुमचा खरेदीभाव 1006 आहे आणि ते सहा रुपये म्हणजे महिनाभर हजार रुपये न गुंतवल्याचं व्याज. पुट विकलाय म्हणून ब्रोकर फ्युचरसारखंच मार्जिन धरतो, आणि भाव पडला की ते वाढवून मागतो.

मंदार: मग सरळ फ्युचरच घ्या! तेही 1006 च्याच आसपास असणार. एकच सौदा, एकदाच ब्रोकरेज. दोन पाय घेऊन चालायची हौस कशाला? शिवाय विकलेला पुट समोरचा कधीही अंगावर टाकू शकतो, हा धोका वेगळाच.

उज्ज्वला_ठाणे: शेवटचं वाक्य अमेरिकेतल्या शेअर ऑप्शनना लागू आहे. एनएसईवरचे युरोपियन आहेत, एक्स्पायरीआधी कोणी वापरू शकत नाही. पहिला मुद्दा मात्र मला मान्य आहे. कोऱ्या पाटीवर सौदा करायचा असेल तर शेअरमध्ये बहुतेक वेळा फ्युचरच स्वस्त पडतं.

त्याचं कारण पडद्यावर दिसतं. 32 आणि 26 हे शेवटच्या सौद्यांचे भाव आहेत, त्यातला एखादा अर्ध्या तासापूर्वीचाही असेल. कॉल विकणारा 34 मागतोय आणि पुट घेणारा 23 देतोय, तर तुमचा भाव 1000 अधिक 34 वजा 23, म्हणजे 1011. फ्युचर 1006 ला मिळत असताना पाच रुपये जास्त दिले, लॉटमागे अडीच हजार. सिंथेटिक शॉर्टला, म्हणजे त्याच स्ट्राइकचा कॉल विकून पुट घेताना, उलटं करायचं: कॉल घेणाऱ्याचा भाव मिळवा आणि पुट विकणाऱ्याचा वजा करा. तो आकडा फ्युचर विकून मिळणाऱ्या भावापेक्षा कमी आला तर फ्युचर विका.

मंदार: म्हणजे माझंच बरोबर.

उज्ज्वला_ठाणे: कोऱ्या पाटीवर, हो. पण एखाद्याने आधीच 1000 चा पुट विकलाय आणि आता त्याला तेजी वाटतेय. त्याने नुसता कॉल घेतला की पोझिशन सिंथेटिक लाँग होते, पुट सोडवायचा खर्च पडत नाही. आणि निफ्टीत आठवड्याचं फ्युचर नसतंच, तिथे त्या एक्स्पायरीला एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट हाच रस्ता आहे.

कोल्हापूरकर: स्ट्राइक एकच हवा असं काही नाही. मी 1040 चा कॉल घेतो आणि 960 चा पुट विकतो, बऱ्याचदा फुकटात बसतं.

उज्ज्वला_ठाणे: तुमचा सौदा वेगळा आहे, दादा. भाव 1030 ला बंद झाला तर शेअरवाल्याला 30 मिळतात, तुम्हाला काहीच नाही. 960 ते 1040 मध्ये तुमची पोझिशन एक्स्पायरीला हलतच नाही. तुमची रचना वाईट नाही, पण शेअरची जागा ती घेत नाही.

निवृत्त_नाशिक: माझा अनुभव लिहितो. माझ्याकडे जुने 500 शेअर होते, विकायचे नव्हते. घसरण होईल वाटलं म्हणून पुट घेतला, त्याच स्ट्राइकचा कॉल विकला आणि एक्स्पायरीपर्यंत तसंच ठेवलं. वाटलं, फरकाचे पैसे मिळतील. शेअरच गेले! वर इतक्या वर्षांच्या नफ्यावर कर.

उज्ज्वला_ठाणे: नवखा, हे नीट वाचा. शेअरचे ऑप्शन डिलिव्हरीने सुटतात. सिंथेटिक लाँगमध्ये भाव स्ट्राइकच्या वर गेला तर कॉलमुळे, खाली आला तर पुटमुळे, 500 शेअर 1000 ने घ्यावेच लागतात. म्हणजे तुमचे ते पाच लाख शेवटी लागतातच. शॉर्टमध्ये दोन्हीकडून शेअर द्यावे लागतात, नसले किंवा तारण ठेवलेले असले तर लिलाव. एक्स्पायरीच्या आधीच्या चार दिवसांत डिलिव्हरीचं मार्जिन चढत जातं, त्याआधी दोन्ही पाय एकत्र सोडवा. आधी कॉल विकून पुट उद्यावर टाकलात, तर राहतो तो नागडा पुट.

नवखा_सांगली: पाच लाख नाहीत माझ्याकडे. मग निफ्टीत करू का? तिथे डिलिव्हरी नाही ना?

मंदार: डिलिव्हरी नाही, पण तोटा तितकाच खरा. माझं मत, आधी नुसता कॉल घेऊन बघा.

उज्ज्वला_ठाणे: इथे मी मंदारशी सहमत नाही. नुसत्या कॉलमध्ये ते 32 रुपये रोज थोडेथोडे झिजतात, सिंथेटिकमध्ये पुट ती झीज जवळजवळ भरून काढतो. पण त्या झिजेच्या बदल्यात तोटा 32 वर थांबतो, हेही खरं. 900 च्या भावाला 53,000 सोसतील का, ते तुम्हीच सांगा.